पेपर एडिट करताना या चुका टाळा: कागदावर जुळलेली वाक्यं टाइमलाइनवर का तुटतात

मुलाखतींवर उभा असलेला माहितीपट करताना पेपर एडिट, म्हणजे मुलाखतींतली वाक्यं निवडून कागदावर लावलेला क्रम, वाचायला छान वाटतो आणि एडिटरने तेच तुकडे टाइमलाइनवर लावले की ऐकवत नाही, हा अनुभव फार सार्वत्रिक आहे. दोष बहुतेक वेळा कापण्यात नसतो. ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मुलाखतीच्या लिहून काढलेल्या मजकुरात, फक्त शब्द उतरतात. आवाज कुठे चढला, कुठे खाली बसला, बोलणारा कुठे अडला, प्रश्न विचारणाऱ्याचा हुंकार कुठे मध्ये आला, हे कागदावर येत नाही. या लेखातल्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

डोळ्यांनी वाक्य निवडणं

समजा, बंद पडलेल्या एका कारखान्यावर माहितीपट चालला आहे. एक जुने कामगार मुलाखतीत म्हणतात: "एक-दोन दिवसांत परत चालू होईल असं सगळे म्हणत होते, पण मला काही ते खरं वाटत नव्हतं. म्हणजे, वाटत होतं, पण… घरी मी काही बोललो नाही."

पेपर एडिटमध्ये त्याचं असं होतं: आधी वेगळ्या ठिकाणचं "त्या दिवशी सकाळचा भोंगा वाजलाच नाही", मग "एक-दोन दिवसांत परत चालू होईल असं सगळे म्हणत होते", आणि लगेच "घरी मी काही बोललो नाही". वाचताना तीन वाक्यांत प्रसंग उभा राहतो. टाइमलाइनवर मात्र मधलं वाक्य लटकतं, कारण "होते" हा त्यांच्या बोलण्याचा शेवट नव्हता. त्यांना पुढे "पण" म्हणायचं होतं, म्हणून तिथे सूर वरच राहिला आहे. टंकलेखकाने पूर्णविराम दिला म्हणून आवाज खाली बसत नाही.

आणि अर्थ? तो त्याहून वाईट बिघडला आहे. ज्याला भरवसा वाटत नव्हता तो माणूस आता आशा धरून बसलेल्यांतला एक झाला. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे शेपूट कापली की बोलणं थेट उलटं होऊ शकतं. प्रत्येक बाइटच्या, म्हणजे बोलण्यातल्या निवडलेल्या तुकड्याच्या, शेवटानंतरची निदान दोन वाक्यं वाचल्याशिवाय तो बाइट पक्का करू नका. पुढच्या वाक्यात बोलणाऱ्याने स्वतःचं म्हणणं मागे घेतलं असेल किंवा त्याला अट घातली असेल, तर तेही घ्या किंवा बाइटच सोडा.

सूर बसला आहे का, हे ओळखायला बाइटचे शेवटचे तीन-चार शब्द चित्र न बघता ऐका आणि थांबवा. पुढचं ऐकू येईल अशी वाट बघावीशी वाटली, तर सूर उघडा आहे. अशा वेळी "वर कटअवे टाकू" हे उत्तर चालत नाही. कटअवेने, म्हणजे वर घातलेल्या दुसऱ्या दृश्याने, चेहऱ्याची उडी झाकते, आवाजाची नाही. खाली रूम टोन, म्हणजे त्या खोलीतल्या शांततेचा आवाज, घातला तर जोड थोडा मऊ होतो, पण चढलेला सूर चढलेलाच राहतो. खरा उपाय म्हणजे तीच गोष्ट त्यांनी मुलाखतीत दुसरीकडे सांगितली आहे का ते शोधणं. माणसं महत्त्वाचं पुन्हा सांगतात, आणि दुसऱ्या वेळी बरेचदा आटोपशीर सांगतात. तसं सापडलं नाही, तर वरचा बाइट "नव्हतं" पर्यंत लांबवून ऐकून बघा. मी मात्र या उदाहरणात सगळंच ठेवेन, "म्हणजे, वाटत होतं, पण…" सकट. त्या अडखळण्यात माणूस आहे.

ट्रान्स्क्रिप्ट साफसूफ करणं

नेमकं हेच अडखळणं "स्वच्छ" ट्रान्स्क्रिप्टमधून आधी उडतं. "अं", "म्हणजे", अर्धवट सोडलेली वाक्यं गाळून दिलेला मजकूर वाचायला सोपा असतो, पण फुटेजमध्ये ते सगळं असतंच. दोन सलग दिसणाऱ्या शब्दांच्या मध्ये सहा सेकंदांची शांतता आहे, हे मग एडिटरलाच कळतं. बोलल्याबरहुकूम मजकूर मागा. मोठा विराम कंसात सेकंदांसह, आणि प्रश्नकर्त्याचा आवाज जिथे उत्तरावर चढला तिथे खूण, एवढं असलं तरी पुरे.

"तो", "ते", "तिथं" अधांतरी ठेवणं

"त्यानं आम्हाला आतच घेतलं नाही." बाइट जोरदार आहे, पण "त्यानं" म्हणजे कोणी? प्रश्न होता, "वॉचमननं तुम्हाला ओळखलं का?" प्रश्न कापला गेला आणि वॉचमन त्याच्याबरोबर गेला. तुम्ही मुलाखत दहा वेळा वाचलेली असते, म्हणून हा खड्डा तुम्हाला दिसत नाही. मुलाखत न वाचलेल्या कुणाला तरी पेपर एडिट मोठ्याने वाचून दाखवा आणि "कोण?" असं जिथे विचारलं जाईल तिथे खूण करा.

भरायचं कसं? त्याच व्यक्तीचं "वॉचमन" असलेलं वाक्य आधी लावता येतं का ते बघा. नाहीतर प्रश्न ठेवा. प्रश्नकर्त्याचा आवाज नीट रेकॉर्ड झाला असेल तर तो चित्रपटात असण्यात काही वाईट नाही. दुसरीकडून एकच शब्द उचलून "त्यानं"च्या जागी चिकटवणं शेवटचा पर्याय समजा. सूर क्वचितच जुळतो, आणि बोलणाऱ्याने न केलेलं वाक्य आपण तयार करतो.

पानांवरून लांबी ठरवणं

प्रत्येकाची गती वेगळी असते. त्या व्यक्तीच्या सलग तीन मिनिटांतले शब्द मोजा आणि तीनने भागा. समजा मिनिटाला 110 शब्द आले आणि तुमच्या निवडीत 4,400 शब्द आहेत, तर ती 40 मिनिटं झाली. चित्रपट 30 मिनिटांचा असेल आणि त्यातली 10 मिनिटं प्रसंग, जुनं चित्रण आणि शांतता यांना हवी असतील, तर बोलण्याला 20 मिनिटं उरतात, म्हणजे सुमारे 2,200 शब्द. निम्मं कापायचं आहे हे कागदावरच कळलेलं बरं.

टाइमकोड न तपासणं

ट्रान्स्क्रिप्टसाठी नुसती ऑडिओ फाइल दिली, तर वेळ शून्यापासून मोजली जाते. कॅमेऱ्याचा टाइमकोड, म्हणजे चित्रणातल्या प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली वेळ, वेगळाच असतो. क्लिप 14:02:10 ला सुरू होत असेल आणि ट्रान्स्क्रिप्टमध्ये 00:18:30 लिहिलं असेल, तर फुटेजमध्ये ते 14:20:40 ला सापडेल. ही बेरीज एका सलग क्लिपपुरतीच खरी. मध्ये कॅमेरा थांबला आणि ऑडिओ चालू राहिला, तर पुढच्या क्लिपसाठी फरक नव्याने काढावा लागतो.

म्हणून प्रत्येक क्लिपचं पहिलं आणि शेवटचं वाक्य फुटेजमध्ये शोधून बघा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. सुरुवात जुळते आणि शेवटाकडे फरक हळूहळू वाढत जातो, असं असेल तर फ्रेम रेटची गल्लत आहे: सेकंदाला 24 फ्रेम आणि 23.976 फ्रेम यांच्या घोळात तासाला साधारण 3.6 सेकंद सरकतात. मधेच फरक एकदम उडी मारत असेल, तर रेकॉर्डिंग तिथे तुटलं आहे. सगळ्यात सोपं म्हणजे ट्रान्स्क्रिप्टसाठी देतानाच टाइमकोड चित्रावर छापलेली हलकी व्हिडिओ फाइल द्यावी. तरीही पेपर एडिटमध्ये प्रत्येक बाइटचे पहिले आणि शेवटचे चार शब्द लिहाच. आकडा चुकला तरी एडिटरला शब्दांवरून जागा सापडते.