रिक्रूटरच्या उर्मट मेसेजला दिलेलं उत्तर

माझी मावसबहीण हिंजवडीत मॅन्युअल टेस्टर आहे. नोकरी बदलायची म्हणून तिनं नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट केलं आणि फोन सुरू झाले. एका दुपारी ती क्लायंटच्या डेमोत असताना एका कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरचे दोन फोन चुकले. मग व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "इंटरेस्ट नसेल तर प्रोफाइल कशाला टाकता? आमचा वेळ फुकट नाही. अर्ध्या तासात तीन सॅलरी स्लिप आणि आधार पाठवा, नाहीतर रिजेक्ट."

तिनं पहिलं उत्तर लिहिलं त्यात तीनदा सॉरी होतं, डेमोची पूर्ण कहाणी होती. दुसऱ्यात नुसते टोमणे. दोन्ही मी नोट्समध्येच ठेवायला लावली, कारण चॅटच्या चौकटीत लिहिलं की बोट चुकून सेंडवर जातंच. मग आम्ही मेसेजमधला राग बाजूला काढून तो माणूस नक्की काय मागतोय ते पाहिलं. त्याला हव्या होत्या तीनच गोष्टी: इच्छुक आहे का, बोलायला कधी मोकळी आहे, आणि कागद. शेवटी गेलं ते असं:

"नमस्कार. कामाच्या वेळेत फोन घेता येत नाही. आज संध्याकाळी साडेसहानंतर बोलू शकते. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. सॅलरी स्लिप ऑफरच्या टप्प्यावर देईन, आधार जॉइनिंगच्या वेळी. आपला मेसेज मला योग्य वाटला नाही, यापुढे बोलणं कामापुरतं आणि नीट व्हावं. कंपनीचं नाव आणि जॉब डिस्क्रिप्शन ऑफिसच्या मेलवरून पाठवा, वाचून उद्या दुपारपर्यंत कळवते."

टोचणारं वाक्य मुद्दाम मधे आहे. सुरुवातीला असतं तर त्यानं पुढचं वाचलंच नसतं, आणि शेवटी असतं तर तो त्यालाच उत्तर देत बसला असता. शिवाय ते मेसेजबद्दल आहे, 'तुम्ही उद्धट आहात' असं नाही. शेवटी त्याला सहज करता येईल असं काम ठेवलंय.

कागदांचं म्हणाल तर पहिल्या फोनआधी आधार कशालाच लागत नाही. एकाच उमेदवाराचा अर्ज दोनदा आलाय का ते तपासायला काही कन्सल्टन्सी पॅन मागतात, पण तोही द्यायचा का ते जॉब डिस्क्रिप्शन आणि कंपनीचं नाव कळल्यावर बघावं. (रिक्रूटरवर टार्गेटचं ओझं असतं हे मला मान्य आहे; पण म्हणून अर्ध्या तासात आधार द्यायचं कारण नाही.) कुणी शिवीगाळ केली किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले, तर मात्र असलं सभ्य उत्तर लिहित बसू नये. स्क्रीनशॉट काढून नंबर ब्लॉक करावा.

त्याचं उत्तर आलं: "ओके, पाठवतो." सॉरी वगैरे नव्हतं. जॉब डिस्क्रिप्शन ऑफिसच्या मेलवरूनच आलं. त्यात सेलेनियम या ऑटोमेशन टेस्टिंगच्या टूलचा चार वर्षांचा अनुभव मागितला होता, जो तिच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तिनं दोन ओळींत तसं कळवलं आणि मॅन्युअल टेस्टिंगचं काही आलं तर सांगा, असंही लिहिलं.