सोलापूरच्या गर्दीत रोज ऑफिसला: गिअरची गाडी की स्कूटर, कसं ठरवायचं?

मेव्हण्याची गाडी आठ वर्षांची झाली. 100 सीसीची, गिअरची, अजून धडधाकट. पण संध्याकाळी घरी आला की डावं मनगट दाबत बसायचा. घर जुळे सोलापुरात, नोकरी नवी पेठेत. "दाजी, सांगा की, आता स्कूटी घेऊ का परत गिअरचीच?" शोरूमवाल्याला विचारलं तर त्याच्याकडे जी तयार उभी आहे ती चांगली निघते आणि मित्राला विचारलं तर त्याने स्वतः घेतलेली. म्हणून आम्ही त्याचा रोजचा रस्ताच मोजायला घेतला. तीच पद्धत इथे सांगतो. दोन दिवस लागतात, खर्च काही नाही.

आधी क्लच मोजा

किलोमीटर मोजून फार काही कळत नाही. गर्दीत माणूस दमतो आणि गाडी झिजते ती क्लचमुळे, म्हणून क्लच किती वेळा दाबला जातो ते मोजायचं. चालवणाऱ्याने मोजायच्या भानगडीत पडू नये, लक्ष रस्त्यावरच हवं. मागे कुणाला तरी बसवा. सासूबाईंकडे नामजपाचा तो बोटात घालायचा बटणवाला काउंटर आहे, तो मी मागून घेतला आणि मेव्हण्याच्या मागे बसलो. त्याने क्लच ओढला की मी बटण दाबायचं. (काउंटर परत करताना शून्यावर आणायला विसरलो. "माझा जप कुणी वाढवला?" म्हणून दोन दिवस चौकशी चालू होती.)

रस्ता असा: आसरा चौक, महावीर चौक, सात रस्ता, रंगभवन, डफरीन चौक, पार्क चौक आणि नवी पेठ. मीटरवर 6 किलोमीटर. सकाळी पावणेदहाला निघालो तेव्हा काउंटरवर 142 आले. संध्याकाळी साडेसहाला परतताना 191, आणि वेळ लागला 24 मिनिटं. सिग्नलला थांबताना तिसऱ्यावरून दुसरा, पहिला, न्यूट्रल आणि सुटताना पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा, असं एका थांब्याचे सहा-सात क्लच सहज होतात. मध्येच रिक्षा आडवी आली की त्यात दोन-तीनची भर.

आता आकड्याला किलोमीटरने भागा. सकाळचे किलोमीटरमागे 24 आले, संध्याकाळचे 32. माझ्या स्वतःच्या रस्त्याशी ताडून पाहिलं. मी रोज पुणे रस्त्याने चिंचोळी एमआयडीसीला जातो. बाळे ओलांडलं की गाडी चौथ्या गिअरमध्ये पडते ती गेटपर्यंत. 20 किलोमीटरला 58 क्लच, म्हणजे किलोमीटरला तीनसुद्धा नाहीत.

माझा आडाखा असा आहे: किलोमीटरला 15 च्या वर क्लच जात असतील तर स्कूटर घ्यावी, 8 च्या आत असतील तर गिअरची. मधलं काही आलं तर पुढच्या गोष्टी बघून ठरवावं. हा काही शास्त्रातला नियम नाही, पण ओळखीच्या चार-पाच जणांना लावून पाहिला आणि कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

अगदी हळू सरकताना नेमकं काय होतं

100-110 सीसीच्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये टाकून, रेस न देता क्लच पूर्ण सोडला तर ती एका ठरावीक कमी वेगाने आपली आपण चालते. गर्दी त्याहून हळू सरकत असेल तर क्लच पूर्ण सोडताच येत नाही, सोडला की गाडी धक्के देत बंद पडते. मग माणूस क्लच अर्धा धरून ठेवतो. या हाफ क्लचमध्ये प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. प्लेटा गेल्याची खूण सोपी आहे: रेस दिली की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर हे आधी कळतं. मेव्हण्याच्या गाडीला आसऱ्याच्या पुलावर हेच व्हायला लागलं होतं.

स्कूटरला हाताचा क्लच नाही, म्हणून अनेकांना वाटतं की तिला क्लचच नाही. क्लच असतो, मागच्या चाकाशी. इंजिनचे फेरे वाढले की त्याचे बूट बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात आणि फेरे कमी झाले की सोडतात. म्हणजे अगदी हळू सरकताना, रेस जेमतेम देत, स्कूटरचाही क्लच घसरतच असतो. तुमचं मनगट वाचतं, झीज काही थांबत नाही. काही हजार किलोमीटरनंतर सुटताना मागून थरथर जाणवायला लागली, तर बुटांवर चकचकीत थर चढला असं समजा. मिस्त्री कव्हर उघडून ते घासून साफ करतो.

यावर उपाय गाडी बदलण्याचा नाही, चालवण्याचा आहे. पुढची रिक्षा दोन हात सरकली की लगेच आपणही दोन हात सरकायचं, ही सवय सोडा. थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदाच नीट रेस देऊन पुढे जा. मागचा हॉर्न वाजवणारच, वाजवू द्या.

मग चाक बघा

स्कूटरचं चाक लहान असतं. बऱ्याच स्कूटरना मागे 10 इंची आणि पुढे 10 किंवा 12 इंची. गिअरच्या गाडीला 17-18 इंची. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं त्यात लहान चाक उतरतं. म्हणून तुमच्या रस्त्यात पाइपलाइनसाठी खणून नुसत्या मातीने बुजवलेले आडवे चर किती आहेत ते बघा. दोन-चार असतील तर चालतं. पण घराजवळची अर्धी वाट तशीच असेल, तर आडाखा स्कूटर म्हणत असतानाही मी दोनदा विचार करीन. आणि स्कूटर घ्यायचीच असेल तर पुढचं चाक 12 इंची आणि पुढे टेलिस्कोपिक शॉकअप असलेली घ्या. फरक पहिल्याच खड्ड्यात कळतो.

पेट्रोलचा हिशेब एकदाच करा

"स्कूटर पेट्रोल पिते" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. खरंच आहे, पण किती? पेट्रोल लिटरला 105 रुपये धरू. मेव्हण्याचे दिवसाला 12 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 300 किलोमीटर. गर्दीत स्कूटरचं अॅव्हरेज 42 धरलं तर 750 रुपये लागतात, गिअरच्या गाडीचं 55 धरलं तर साधारण 570. फरक महिन्याला 180 रुपयांचा. तेवढ्यासाठी रोज सव्वातीनशे-साडेतीनशे वेळा क्लच दाबायचा का, हे ज्याने त्याने बघावं.

माझं गणित वेगळं येतं. महिन्याला 1000 किलोमीटर, हायवेला स्कूटरचं 45 आणि गिअरचीचं 62 धरलं तर फरक 640 रुपयांच्या घरात जातो. शिवाय स्कूटरची टाकी पाच-साडेपाच लिटरची, म्हणजे दर चार-पाच दिवसांनी पंप. मी गिअरचीच चालवतो ती याचसाठी.

देखभालीत डावं-उजवं आहे. गिअरच्या गाडीला चेन असते. आपल्याकडच्या धुळीत दर 500-600 किलोमीटरला ती पुसून तेल लावावं लागतं. स्कूटरला चेन नाही, आत बेल्ट असतो. त्याचं रोज काही बघावं लागत नाही, पण तुटला की गाडी जागेवर थांबते, ढकलत न्यावी लागते. साधारण 20-25 हजार किलोमीटरला बदलायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. तुटायची वाट बघू नका.

ट्रायल आपल्या रस्त्यावर, आपल्या वेळेला

शोरूमवाले दुपारी मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारू देतात. त्यात दोन्ही गाड्या छानच वाटतात. ओळखीतल्या कुणाची तरी स्कूटर एका संध्याकाळसाठी मागून घ्या आणि ऑफिस सुटायच्या वेळेला आपल्याच रस्त्याने न्या. बायकोला मागे बसवून स्पीडब्रेकरवरून जाऊन बघा, खाली घासते का. हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागतं का तेही बघा. सहा फुटाच्या आसपासच्या माणसाला बऱ्याच स्कूटरमध्ये लागतं आणि मग यू-टर्नची पंचाईत होते.

सामानाचंही तेव्हाच बघून घ्या. पायाशी दळणाचा डबा किंवा ज्वारीचं पोतं ठेवता येणं ही स्कूटरची मोठी सोय. पण डिकी इंजिनच्या वरच असते. एप्रिल-मे महिन्यात मेव्हण्याने मित्राच्या स्कूटरच्या डिकीत दहीभात नेला, तो दुपारी उघडला तर आंबट ढाण झाला होता. शेंगाचटणीला काही होत नाही. दही-ताक मात्र पिशवीत घालून पुढच्या हुकाला अडकवा.

डाव्या हाताची सवय मोडा

गिअरवरून स्कूटरवर येणाऱ्याने ही पायरी गाळू नये. गिअरच्या गाडीला डावीकडे क्लच असतो, स्कूटरला डावीकडे मागचा ब्रेक. एरवी ते लक्षात राहतं, पण दचकल्यावर डोक्याआधी हात चालतो. वर्षभरापूर्वी मी बायकोची स्कूटर घेऊन सात रस्त्याला वळत होतो. वेग कमी करताना सवयीने डावा लिव्हर क्लच समजून पूर्ण ओढला. गाडी जागच्या जागी गच्च थांबली आणि मागच्या रिक्षाचं पुढचं चाक माझ्या नंबरप्लेटला टेकलं. रिक्षावाल्या काकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरला डावा लिव्हर ओढला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्यामुळे मागचं चाक एकदम घसरायची भीती कमी झाली, पण नको तिथे थांबायची भीती तेवढीच आहे. नवी गाडी आणल्यावर पहिला रविवार, सकाळी सातच्या आत, होम मैदानाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर काढा. ताशी 30 च्या वेगात दोन्ही ब्रेक मिळून थांबायचं, असं वीस-पंचवीस वेळा करा. पहिले पंधरा दिवस गर्दीत पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

मेव्हण्याने स्कूटर घेतली, पुढचं चाक 12 इंची. जुनी गाडी विकली नाही. घरात दोन्ही असल्याने सोमवारी स्कूटर, मंगळवारी गिअरची असं चालू होतं. ते मी बंद करायला लावलं. पहिला महिनाभर हाताला एकच गाडी द्यायची, दुसरीची किल्ली सासूबाईंकडे.