प्रेग्नन्सीत कुठल्या लसी घ्यायच्या, कुठल्या नाही, आणि डांग्या खोकल्याचं इंजेक्शन नेमकं कधी

प्रेग्नन्सीत "इंजेक्शन झालं का गं?" असं घरातलं कोणीही विचारलं की त्यांना धनुर्वाताचं म्हणायचं असतं. सासूबाईंच्या, आईच्या वेळेला तेच होतं, टीटीची दोन इंजेक्शनं घेतली की विषय संपला. आता सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी देतात, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हीचं, तरी सगळे त्याला टीटीच म्हणतात. पण या टीडीमध्ये डांग्या खोकल्याचा काहीच भाग नसतो. त्यासाठी टीडॅप नावाची वेगळी लस आहे, ती सरकारी मोफत यादीत नाही, प्रायव्हेटमध्ये विकत घ्यावी लागते आणि डॉक्टरांनी आपणहून सुचवली नाही तर बऱ्याच जणींना माहीतच नसते. म्हणून या लेखात जास्त जागा तिलाच देतेय, बाकीच्या लसी जाता जाता.

आधी कार्ड काढा आणि बघा

नाव नोंदवताना आशाताई किंवा सिस्टर जे माता बाल संरक्षण कार्ड देतात त्यावर टीडीचे रकाने असतात. पहिल्यांदाच दिवस गेले असतील तर पहिला डोस नाव नोंदवल्यावर लवकरात लवकर आणि दुसरा चार आठवड्यांनी. आधीचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं असेल आणि तेव्हा दोन्ही डोस झाले असतील तर यावेळी एकच बूस्टर पुरतो. खाजगी दवाखान्यात नाव असेल तर हे कार्डावर नसतं, फाईलमध्ये कुठेतरी स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावरचं लसीचं नाव नीट वाचा. टीडीला नुसती दोन अक्षरं असतात, डांग्या खोकल्यावाल्या लसीत त्यापुढे आणखी "एपी" लागतं, आपल्याकडे बूस्ट्रिक्स आणि अ‍ॅडासेल हे तिचे ब्रँड मिळतात. लहान बाळांना देतात ती डीपीटी ही नाही बरं का, ती मोठ्या माणसांना देत नाहीत.

डांग्या खोकल्याचं इंजेक्शन बाळासाठी आहे, आईसाठी नाही

मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर महिना दोन महिने खोकून खोकून जीव नकोसा होतो, पण निभावतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तसं नाही. एवढ्या लहान बाळाला कधी कधी तो "हूऽप" आवाजवाला खोकला येतच नाही, श्वासच मध्ये थांबतो, ओठ निळे पडतात आणि घरच्यांना वाटतं साधी सर्दी होती. आणि बाळाची स्वतःची लस, म्हणजे पेंटाव्हॅलंट, सुरू होते सहाव्या आठवड्यात. जन्मानंतर लगेच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी मिळतं पण त्यात डांग्या खोकला येत नाही. म्हणजे पहिले सहा आठवडे बाळ उघडं असतं, आणि पहिला डोस झाल्यावरही लगेच पूर्ण संरक्षण मिळत नाही.

ही फट भरायला आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी लागतात. इंजेक्शन घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्या आईच्या शरीरात भरपूर तयार होतात आणि वारेतून बाळाकडे जातात, आणि हे जाणं शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जोरात चालतं. इंग्लंडमध्ये 2012 साली डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, 14 तान्ही बाळं गेली, तेव्हा त्यांनी गरोदर बायकांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि नंतर मोजलं तर आईने वेळेवर घेतली असेल तर लहान बाळांमधला आजार सुमारे 90 टक्के टळला. या अँटिबॉडी आईच्या अंगात टिकून राहत नाहीत, वर्षभरात बऱ्याच उतरतात, म्हणून मागच्या वेळी घेतली होती हे कारण चालत नाही, प्रत्येक प्रेग्नन्सीत परत घ्यायची, मग दोन मुलांत दीड वर्षाचंच अंतर का असेना.

तारीख कशी काढायची

आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी 27 ते 36 आठवडे सांगते, अमेरिकेतही तेच. महिन्यांच्या हिशोबात घोळ होतो, "सातवा लागला" म्हणजे कोणाचा 25वा आठवडा असतो तर कोणाचा 29वा, त्यामुळे आठवडेच मोजा.

समजा शेवटची पाळी 5 जानेवारी 2026 ला आली. त्यात 7 दिवस आणि 9 महिने मिळवले की ड्यू डेट 12 ऑक्टोबर. पाळीच्या तारखेपासून 27 आठवडे पूर्ण होतात 13 जुलैला आणि 36 पूर्ण होतात 14 सप्टेंबरला. मग इंजेक्शन सप्टेंबरमध्ये कधीतरी घेऊ असं नाही करायचं, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरकून टाकायचं. कारण बाळ लवकर आलं तर? 34व्या आठवड्यात घेतलं आणि 35व्यात डिलिव्हरी झाली तर अँटिबॉडी तयार होऊन बाळापर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही. जुळं असेल, बीपी वाढलेलं असेल, आधी एकदा लवकर डिलिव्हरी झाली असेल तर हे आणखीच लागू. सोनोग्राफीत तारीख बदलून दिली असेल तर डॉक्टरांनी जी शेवटी धरली तीच धरायची, पाळीची नाही.

लंडन-लीड्सकडे असाल तर तिथली नर्स 16 आठवड्यांपासूनच देईल, साधारण 20 आठवड्यांच्या स्कॅनच्या आसपास, त्यात चूक काही नाही, त्यांचा नियम तसा आहे.

36 आठवडे उलटून गेले आणि आता कळलं? तरी घ्या, थोडं तरी जाईल. आणि डिलिव्हरीनंतरच लक्षात आलं, आधी कधीच टीडॅप घेतली नव्हती, तर तेव्हा घेतल्याने निदान आईपासून बाळाला लागण होण्याची शक्यता कमी होते, पण वारेतून मिळायचं ते गेलंच.

टीडी आणि टीडॅपची सांगड

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. टीडॅपमध्ये धनुर्वात आणि घटसर्प आहेतच, त्यामुळे टीडीचा दुसरा डोस न घेता त्याजागी 27 आठवड्यांनंतर टीडॅप घेता येते, फॉग्सीही तसंच सांगते. वरच्या उदाहरणात पहिली टीडी दहाव्या आठवड्यात, 16 मार्चला, आणि जुलैमध्ये टीडॅप. मध्ये चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर गेलं तर बिघडत नाही, कमी नको. पण उपकेंद्रावर सिस्टर चार आठवड्यांनी दुसरं देणारच, त्यांच्या रजिस्टरला तो रकाना असतो, तर टीडॅप घेणार असाल तर आधीच सांगून ठेवा. आणि दोन्ही टीडी होऊन गेल्या असतील तरी टीडॅप घ्यायचीच, आधीच्या टीडीमुळे अडत नाही, फारतर दंड जरा जास्त दुखेल.

ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांना 28व्या आठवड्याला अँटी-डीचं इंजेक्शन असतं आणि टीडॅपही त्याच सुमाराला येतं, तर एक झालं म्हणून दुसरं झालं असं समजू नका. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही आणि एकामुळे दुसरं पुढे ढकलायची गरज नाही.

मेडिकलमधून आणणार असाल तर

बऱ्याच क्लिनिकमध्ये चिठ्ठी देतात, मेडिकलमधून आणा, सिस्टर टोचतील. ही लस 2 ते 8 डिग्रीत राहायला हवी आणि गोठली तर बाद. मेडिकलवाला आईस पॅकसोबत देतो, पण बर्फाला थेट चिकटवून ठेवू देऊ नका, मध्ये कागद किंवा कापड घाला, आणि तिथून थेट क्लिनिकला जा. घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवायची तर अजिबात नाही. द्यायच्या आधी सिस्टर हलवतात तेव्हा ती एकसारखी दुधाळ दिसली पाहिजे, हलवूनही कण किंवा गुठळ्या राहिल्या तर टोचू देऊ नका. डोस अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. दोन दिवस दंड दुखतो, कधी बारीक ताप, पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेन नाही. आधीच्या डोसला जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल किंवा आत्ता चांगला ताप असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

फ्लूची लस

ही पण घ्यायची, फक्त इंजेक्शनवाली. नाकात मारायचा स्प्रे येतो त्यात जिवंत विषाणू असतो, तो प्रेग्नन्सीत नको. कुठल्याही महिन्यात चालते, काही डॉक्टर 26 आठवड्यांनंतर देतात, पण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो त्यामुळे पावसाळा तोंडावर असेल तर थांबण्यात काय अर्थ. वरच्या उदाहरणातल्या बाईने जूनच्या सुरुवातीला, 22व्या आठवड्याच्या आसपास घेतली तर बरोबर. राहिली तर टीडॅपच्याच दिवशी दुसऱ्या दंडावर घेता येते.

ज्या नाही घ्यायच्या

साधा नियम असा की जिवंत विषाणू किंवा जंतू असलेली लस नाही. एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाची, शिवाय कांजिण्या, बीसीजी, नाकातला फ्लू स्प्रे. रुबेलाची किंवा कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नाही असं रिपोर्टमध्ये आलं तर या लसी डिलिव्हरीनंतर घ्यायच्या, दूध पाजत असतानाही चालतात. प्लॅनिंग करत असाल तर आधी घेऊन एक महिना थांबा. आणि चुकून घेतली, नंतर कळलं की दिवस गेलेत, तर घाबरून पाडायचा विचार करू नका, त्यासाठी गर्भपाताचा सल्ला दिला जात नाही, फक्त डॉक्टरांना कळवा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लस जिवंत नाही, तरी उरलेले डोस बाळंतपणानंतरवर ढकलतात.

मोठ्या मुलाला एमएमआर किंवा पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आई गरोदर आहे म्हणून थांबवायचं नाही, हा प्रश्न नेहमी येतो.

रेबीजचं मात्र वेगळं. कुत्रं चावलं तर कितवा महिना आहे हे बघायचं नाही, जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, जखमेतून रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही. "पोटात बाळ आहे" म्हणून थांबायला सांगणारे नातेवाईक भेटतात, त्यांचं ऐकू नका.

डिलिव्हरीच्या आधी घरच्यांचं बघा

बाळाला डांग्या खोकला बहुतेक घरातल्याच कोणाकडून लागतो. बाळाला सांभाळायला येणारी आजी, मावशी, बाबा यांनी टीडॅप घ्यायची असेल तर बाळाजवळ यायच्या किमान दोन आठवडे आधी. नाही जमलं तर निदान खोकणाऱ्या माणसाने बाळाला उचलायचं नाही, मग मुंबईहून मुद्दाम आलेले काका रुसले तरी चालतील. आणि आईने घेतली म्हणून बाळाची लस लांबवायची नाही. 12 ऑक्टोबरला जन्म झाला तर सहा आठवडे 23 नोव्हेंबरला भरतात, पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस तेव्हाच, दिवाळीच्या पाहुण्यांमुळे डिसेंबरवर नेऊ नका.