एडिटिंगमध्ये ब्लूटूथचा आवाज मागे पडतो: माझा अनुभव

नागपूरच्या मारबत मिरवणुकीचा व्हिडिओ फोनवर एडिट करत होतो. ढोलाचा ठोका चित्रापेक्षा साधारण 5 फ्रेम उशिरा ऐकू यायचा. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर ते 200 मिलिसेकंद. पार वैताग आला. ब्लूटूथ हेडफोन पुन्हा जोडले, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आवाज पाठवण्याचा कोडेक SBC बदलून LDAC केला, फरक नाही. LDAC आवाजाचा दर्जा वाढवतो, उशीर कमी करत नाही. व्हिडिओ प्लेयर चित्र तेवढंच थांबवून जुळवून घेतात, एडिटर बहुधा तसं करत नाहीत.

आधी ब्लूटूथ बंद केलं. मग वायरचे इअरफोन लावले, एडिटर बंद करून उघडला आणि ठोक्याची फ्रेम वेव्हफॉर्मच्या, म्हणजे आवाजाच्या आलेखाच्या, उंच टोकाशी ताडून पाहिली. बरोबर जुळली. म्हणजे फाइल ठीकच होती. ब्लूटूथवर ऐकून ऑडिओ ट्रॅक सरकवू नका. नाहीतर एक्स्पोर्टमध्ये आवाज चित्राच्या पुढे पळेल.