महिनाअखेरच्या अहवालाआधी: तिकीट कुठे आहे आणि ते कशामुळे बंद झालं

पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या नाशिकमधल्या एखाद्या छोट्या टीमचं उदाहरण घेऊ. हंगाम जोरात आहे, बॉक्सवरचं लेबल चुकलं तर माल खोळंबतो, त्यामुळे फेब्रुवारीत तिकिटांचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी-मागण्यांचा, पाऊस पडतो. महिनाअखेरीला जिरा या तिकिटं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बोर्डावर शेवटच्या रकान्यात ६० तिकिटं दिसतात आणि अहवालात लिहिलं जातं, ‘६० कामं पूर्ण’. आता त्या ६० मध्ये काय आहे ते पाहा. ३८ कामं खरोखर झालेली. ९ तिकिटं दुहेरी, कारण लेबलवर प्लॉट क्रमांक छापला जात नाही ही एकच तक्रार वेगवेगळ्या पॅकहाउसनी नोंदवली होती. ६ तक्रारी आपल्याकडे पुन्हा घडवून पाहता आल्या नाहीत. ४ मागण्या करायच्या नाहीत असं ठरलं. उरलेली ३ का बंद झाली हे तिकिटावर लिहिलेलंच नाही. आकडे नमुन्याचे आहेत, पण ही सरमिसळ कुठल्याही टीममध्ये सापडेल. ती टाळण्यासाठी अहवाल काढण्याच्या निदान आठवडाभर आधी पुढची तयारी करून ठेवा.

सगळ्यात आधी स्टेटसची यादी उघडा. स्टेटसने एवढंच सांगायचं की तिकीट आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे: रांगेत, कामात, तपासणीत की बंद. त्या यादीत ‘दुहेरी’, ‘नाकारलं’, ‘करणार नाही’ अशी स्टेटस घुसली असतील तर ती काढायची तयारी करा. ही बंद होण्याची कारणं आहेत, टप्पे नाहीत. असं प्रत्येक स्टेटस वर्कफ्लोमध्ये नवी वाट मागतं, बोर्डावर त्याला रकाना द्यावा लागतो आणि जुन्या प्रत्येक फिल्टरमध्ये त्याचं नाव घालावं लागतं. एका फिल्टरमध्ये ते राहून गेलं की तिथला आकडा गुपचूप चुकतो. बगझिलासारख्या जुन्या प्रणालीतही स्टेटस वेगळं आणि `FIXED`, `DUPLICATE`, `WONTFIX`, `WORKSFORME` ही रिझोल्यूशन, म्हणजे बंद होण्याची कारणं, वेगळी ठेवलेली आहेत.

मग रिझोल्यूशनची यादी. चार-पाच कारणं पुरतात: काम झालं, दुहेरी, पुन्हा घडवता आलं नाही, करणार नाही. जिरात स्टेटसचंही नाव `Done` आणि रिझोल्यूशनचंही नाव `Done` असू शकतं. बोलताना त्यातून हमखास गोंधळ होतो, म्हणून रिझोल्यूशनचं नाव `Fixed` ठेवलेलं बरं. ही यादी सहसा अनेक प्रोजेक्टना सामाईक असते, तेव्हा अॅडमिनला सांगून आणि बाकीच्या टीमना विचारूनच बदल करा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: ‘Unresolved’ नावाचा पर्याय स्वतःहून बनवू नका. रिझोल्यूशनचा रकाना रिकामा असला तरच जिरा तिकीट न सुटलेलं मानतं. त्यात काहीही भरलं, अगदी ‘Unresolved’ ही अक्षरं भरली, तरी ते तिकीट सुटलेलं धरलं जातं.

तयारीतला सगळ्यात जास्त वेळ वर्कफ्लोला द्या, कारण चुका तिथेच जन्मतात. तिकीट बंद करणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिशनवर, म्हणजे एका स्टेटसवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या वाटेवर, छोटा स्क्रीन लावा आणि बंद करणाऱ्यालाच कारण निवडू द्या. ट्रान्झिशन होताच चालणाऱ्या पोस्ट फंक्शनने आपोआप `Fixed` भरण्याचा मोह होतो, पण त्याने दुहेरी तिकीटही ‘काम झालं’ म्हणून नोंदलं जातं. रिझोल्यूशनचा रकाना तिकीट तयार करण्याच्या किंवा दुरुस्त करण्याच्या स्क्रीनवर ठेवू नका. तिथे तो असला की कामाला हात लागण्याआधीच त्यात काहीतरी मूल्य बसतं. आणि बंद तिकीट पुन्हा उघडणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिशनवर रिझोल्यूशन रिकामं करणारं पोस्ट फंक्शन आहे ना, हे स्वतः एक तिकीट बंद करून, उघडून पाहा. हे विसरलं तर काय होतं? पिंपळगावचा फोन येतो, ‘साहेब, लेबल पुन्हा तसंच येतंय’. तिकीट परत उघडलं जातं, पण त्यावर `Fixed` तसंच राहतं. ज्याच्या नावावर ते आहे त्याच्या डॅशबोर्डवरची ‘माझ्याकडची कामं’ ही यादी फक्त न सुटलेली तिकिटं दाखवते, म्हणून हे तिकीट त्याला दिसतच नाही. तिकडे माल थांबलेला, इकडे यादी मोकळी! अहवालातला आकडा फुगतो हा त्रास याच्यापुढे लहान आहे.

वर्कफ्लो नीट झाला की जुनी तिकिटं तपासा. त्यासाठी दोन शोध पुरतात. पहिला कारणाशिवाय बंद झालेली तिकिटं दाखवतो, दुसरा उघडी असूनही सुटलेली मानली गेलेली:

```
statusCategory = Done AND resolution IS EMPTY
statusCategory != Done AND resolution IS NOT EMPTY
```

दोन्हींचं उत्तर शून्य यायला हवं. पहिल्या शोधात आलेल्या ३ तिकिटांसाठी ती बंद करणाऱ्या माणसालाच विचारा, अंदाजाने भरू नका. भरण्यासाठी बंद स्टेटसवरून त्याच स्टेटसवर येणारं एक ट्रान्झिशन बनवून त्यावर तोच स्क्रीन लावता येतो. इथे सावध राहा. रिझोल्यूशन ज्या दिवशी भराल तीच सुटल्याची तारीख म्हणून नोंदली जाते. फेब्रुवारीची तिकिटं मार्चमध्ये दुरुस्त केलीत, तर तयार झालेली विरुद्ध सुटलेली तिकिटं दाखवणाऱ्या आलेखात मार्चला उगीच उंचवटा दिसेल. म्हणून दुरुस्ती महिना संपायच्या आत करा. नाहीच जमलं, तर त्या तिकिटांना जिरातलं एक लेबल लावा आणि त्यांचा महिना स्टेटस बदलल्याच्या इतिहासावरून ठरवा.

आता अहवालाचे फिल्टर. झालेली कामं मोजताना कारण स्पष्ट लिहा, म्हणजे `resolution = Fixed`. ‘दुहेरी सोडून बाकी सगळं’ अशा उलट्या अटीत फसगत होते, कारण `resolution != Duplicate` ही अट रिकाम्या रकान्याची तिकिटंही वगळते आणि चालू कामं नाहीशी होतात. तसं हवंच असेल तर असं लिहा:

```
resolution IS EMPTY OR resolution != Duplicate
```

दुसरी कुठली अट जोडायची असेल तर या दोन्ही भागांना मिळून कंस घाला.

स्प्रिंटचे आकडे वेगळे तपासावे लागतात. वेग दाखवणारा आलेख रिझोल्यूशनकडे बघत नाही. तिकीट बोर्डाच्या शेवटच्या रकान्यात पोहोचलं की त्याचे पॉइंट पूर्ण धरले जातात, मग ते दुहेरी का असेना. माझ्या मते दुहेरी किंवा नाकारलेलं तिकीट बंद करण्याआधी स्प्रिंटमधून बाहेर काढावं. तपासण्यात वेळ गेला असेल तर तो वर्कलॉगमध्ये दिसू द्या.

शेवटी अहवालाचा मसुदा. एकच आकडा देण्याऐवजी ‘६० तिकिटं बंद, त्यातली ३८ कामं पूर्ण, ९ दुहेरी, ६ पुन्हा घडवता आली नाहीत, ४ करायची नाहीत असं ठरलं, ३ची कारणं विचारली आहेत’ असं लिहा. ९ दुहेरी तिकिटं मूळ तिकिटाला जोडलेली आहेत का तेही बघा, म्हणजे प्लॉट क्रमांकाची दुरुस्ती पोहोचल्यावर कोणकोणत्या पॅकहाउसला फोन करायचा, ते त्या एका तिकिटावरच सापडेल.