फरकातला फरक काढताना या चुका टाळा: तुलना-गटाची घसरणही तपासा

फरकातला फरक म्हणजे धोरण लागू झालेल्या गटातल्या बदलातून, ते लागू न झालेल्या तुलना-गटातला बदल वजा करणं. १ एप्रिल 1992 ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. त्यामुळे नोकऱ्या घटल्या का हे पाहायला अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या 410 फास्टफूड दुकानांची वाढीआधी आणि नंतर माहिती घेतली. दोन अर्धवेळ कामगार म्हणजे एक पूर्णवेळ, असं धरून सरासरी कामगारसंख्या न्यू जर्सीत 20.44 वरून 21.03 झाली, पेनसिल्व्हेनियात 23.33 वरून 21.17. R मध्ये हा हिशोब असा होतो: `fte` म्हणजे ही कामगारसंख्या, `nj` न्यू जर्सीच्या दुकानांना 1 आणि इतरांना 0, `post` वाढीनंतरच्या नोंदींना 1 आणि आधीच्या नोंदींना 0.

```
library(fixest)
feols(fte ~ nj * post, data = d,
      cluster = ~store)
```

पहिली गफलत इथेच होते. `nj` चा गुणांक (सुमारे उणे 2.89) म्हणजे दोन राज्यांत आधीपासून असलेला फरक. `post` चा (उणे 2.16) म्हणजे पेनसिल्व्हेनियातला बदल. धोरणाचा परिणाम फक्त `nj:post` मध्ये असतो, तो सुमारे 2.76.

आता हा आकडा कुठून आला ते बघा, कारण माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. न्यू जर्सीत वाढ झाली जेमतेम 0.59 ची. उरलेला सगळा भाग पेनसिल्व्हेनियातल्या घसरणीतून आला. म्हणजे वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही तशीच घसरण झाली असती, हे गृहीतक ढासळलं तर आकडाही ढासळतो. धोरणाआधीची एकच पाहणी हाताशी असेल, तर दोन्हीकडचे कल आधी समांतर होते का हे तपासताच येत नाही. आधीच्या दोन-तीन पाहण्या असतील तर फक्त त्याच नोंदी घ्या आणि धोरण एक पाहणी आधीच आलं असं मानून हेच समीकरण चालवा. तिथेही ठळक परिणाम दिसला तर तुलना-गट बदला.

कार्ड-क्रूगर यांनी दुसरा तुलना-गट न्यू जर्सीतच शोधला: वाढीआधीच 5 डॉलर किंवा जास्त देणारी दुकानं. त्यांना नव्या नियमाचा फारसा फरक पडणार नव्हता. तिथेही कामगारसंख्या सुमारे 2 ने घटली, म्हणजे जवळपास पेनसिल्व्हेनियाइतकीच. दोन वेगळ्या गटांनी एकच गोष्ट सांगितली, म्हणून त्या घसरणीवर विश्वास बसतो.

मधल्या काळात कायमची बंद झालेली दुकानं रिकामी ठेवू नका, तिथे 0 भरा. नाहीतर `feols` त्या नोंदी गाळतो आणि वेतनवाढीने दुकानं बंद पडली असतील तर नेमका तोच परिणाम निसटतो. बर्गरची किंमतही समीकरणात घालू नका. वेतन वाढलं की किंमत वाढते, त्यामुळे किंमत स्थिर धरली तर परिणामाचाच एक तुकडा कापला जातो.

वरच्या कोडमधलं `cluster = ~store` एकाच दुकानाच्या दोन नोंदींमधलं नातं सांभाळतं. पण एखाद्या राज्यालाच मंदीचा वेगळा फटका बसला असेल, तर त्यातली अनिश्चितता त्याला दिसत नाही. इथे राज्यं दोनच आहेत आणि दोनच क्लस्टरवर, म्हणजे गटांवर, राज्यपातळीची स्टँडर्ड एरर, म्हणजे अनिश्चिततेचं माप, भरवशाची निघत नाही. 410 दुकानं आहेत म्हणून छोटी आलेली स्टँडर्ड एरर पाहून निर्धास्त होऊ नका.