डिमांड नोटिशीतलं व्याज आधी महिन्यांत मोजा

आयकराची असेसमेंट ऑर्डर आली की ऑफिसातली नवी, आर्टिकलशिप करणारी मुलं आधी ऑर्डरमधली कारणं वाचत बसतात. मी ऑर्डरसोबत आलेली कॉम्प्युटेशन शीट उघडतो आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी पडल्याच्या व्याजाच्या, म्हणजे कलम २३४बी च्या ओळीवर बोट ठेवतो. नागपुरात इतकी वर्षं हेच काम करताना एक दिसलंय, की करापेक्षा व्याजाच्या आकड्याला पक्षकार जास्त बिचकतो, आणि पहिला प्रश्नही त्याचाच येतो.

गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याची फाईल घेऊ (आकडे थोडे बदललेत). असेसमेंट वर्ष २०२३-२४. रिटर्नप्रमाणे चार लाख कर होता आणि तो अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांत वेळेवर भरलेला. स्क्रूटिनीत रोखीने केलेला काही खर्च नामंजूर झाला. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून जास्त रोख दिली, की तो खर्च सहसा वजावटीत धरत नाहीत. अशी ६,७४,५०० रुपयांची भर पडली. हा माणूस तीस टक्क्यांच्या टप्प्यात, वर चार टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्क्यांनी वाढीव कर २,१०,४४४ रुपये. ऑर्डरची तारीख १२ मार्च २०२५.

"मी तर सगळा टॅक्स टायमावर भरला होता, मंग हे व्याज काऊन?" त्यांचा सवाल रास्त होता. पण २३४बी मध्ये तुलना रिटर्नमधल्या कराशी होत नाही, असेसमेंटने ठरलेल्या कराशी होते. ठरलेला कर ६,१०,४४४. त्याच्या नव्वद टक्के, म्हणजे साडेपाच लाखांच्या आसपास, अ‍ॅडव्हान्स टॅक्स हवा होता. भरलेले चार लाख. मग कमी पडलेल्या सगळ्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून ऑर्डरच्या तारखेपर्यंत दरमहा एक टक्का लागतो. हेतू काय होता, हे इथे कोणी विचारत नाही. हे व्याज बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगून ठेवलंय.

आता हिशेब. नियम ११९ए प्रमाणे शंभराखालची रक्कम सोडायची, म्हणून २,१०,४४४ चे २,१०,४०० धरायचे. महिन्याचे चारच दिवस असले तरी पूर्ण महिना मोजायचा, म्हणून मार्चचे बारा दिवसही एक महिनाच. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ झाले चोवीस महिने. २,१०,४०० चे चोवीस टक्के ५०,४९६. डिमांड २,६०,९४०.

शीट तपासताना मी हेच उलटं करतो. व्याजाच्या आकड्याला कमी पडलेल्या रकमेच्या एका टक्क्याने, इथे २,१०४ ने, भागायचं. बरोबर २४ आले तर पुढे जायचं. पूर्ण आकडा आला पण २५ किंवा २३ आला, तर तारखेत घोळ आहे. अपूर्णांक आला तर व्याज वेगळ्याच रकमेवर लावलंय. समजा चाळीस हजारांचं एक चलान जमेला धरायचं राहिलं. मग व्याज येईल ६०,०९६, आणि भागाकार २८.५६. असं दिसलं की फॉर्म २६एएस आणि चलानं शेजारी ठेवून शीटमधल्या जमेच्या ओळी जुळवायच्या. ऑर्डर फेसलेस असली तरी कलम १५४ ची दुरुस्ती बहुतेकदा आपल्या वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडेच येते. चलानाची जमा मिळाली की व्याजही आपोआप खाली येतं, त्यासाठी वेगळं भांडायला लागत नाही.

दुसरं व्याज मात्र नोटिशीत दिसत नाही. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे भरले नाहीत, तर २२०(२) प्रमाणे पुन्हा दरमहा एक टक्का सुरू होतो. तो नुसत्या करावर नसतो, नोटिशीतल्या पूर्ण रकमेवर असतो. म्हणजे आधीच्या ५०,४९६ वरही. याच व्यापाऱ्याला नोटीस १२ मार्चलाच ई-मेलवर मिळाली, मुदत ११ एप्रिलला संपली आणि पैसे भरले २० जूनला. तीन महिने धरले. २,६०,९०० वर तीन टक्के, ७,८२७ रुपये.

इथेच लोक गाफील राहतात. दुरुस्तीचा अर्ज टाकला किंवा अपील करून वीस टक्के भरून स्टे घेतला, तर वसुली थांबते. व्याज थांबत नाही. अपिलात रक्कम कमी झाली तर त्या प्रमाणात हे व्याजही कमी होतं, पण अपील हरलं तर मधले सगळे महिने अंगावर येतात. म्हणून ज्या रकमेवर वाद नाही ती तीस दिवसांच्या आत भरून टाका, असं मी पक्षकाराला सांगतो. खरी अडचण असेल तर २२०(२ए) खाली माफीचा अर्ज करता येतो, पण तो प्रिन्सिपल कमिशनरकडे, आणि हलाखी कागदावर दाखवावी लागते.

चलान भरताना मायनर हेड ४०० आणि डिमांडचा संदर्भ क्रमांक दोन्ही बरोबर टाका. सेल्फ असेसमेंटचा ३०० पडला तर पैसे सरकारकडे जातात, पण पोर्टलवर डिमांड तशीच उभी राहते.